आजारी वडिलांचे खाते आणि मुखत्याराचे पत्र

मुखत्यारपत्र हाती असले तरी बँकेतले खाते आपोआप चालवता येत नाही. मुखत्याराने शाखेला अर्ज द्यावा लागतो. बँक मूळ दस्त पाहते, त्यातले अधिकार तपासते, मुखत्याराच्या सहीचा नमुना नोंदवून घेते आणि मगच त्याच्या सहीचा धनादेश वटवते. अर्जाने नवा अधिकार मिळत नाही. दस्तात असलेला अधिकार बँकेच्या नोंदीत येण्यासाठीच तो असतो.

समजा, साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, पण माणसे ओळखतात, बोललेले समजते, विचारले तर उत्तर देतात. खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यातच निवृत्तिवेतन जमा होते आणि काही रक्कम मुदत ठेवीत आहे. औषधांचा आणि शुश्रूषेचा खर्च त्याच पैशांतून भागवायचा आहे. मुलगा घाईत अर्ज लिहितो : ‘वडिलांना आता काहीच कळत नाही, तरी मुखत्यार म्हणून मला व्यवहार करू द्यावेत.’ वडिलांच्या आजाराची गंभीरता शाखाधिकाऱ्यांना कळावी, एवढाच त्याचा हेतू. पण याच वाक्यावर अर्ज अडतो.

कारण कायद्यात आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिची मानसिक क्षमता गेली की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. स्वतःचे व्यवहार ज्याला समजतात, त्यालाच ते दुसऱ्याकडे सोपवता येतात आणि सोपवलेले काढूनही घेता येतात. वडिलांना खरोखरच काही कळत नसेल, तर मुलाच्या हातातला दस्त निरुपयोगी झालेला असतो आणि ही गोष्ट बँकेला कळल्यावर तिने पैसे देणे तिच्याच अंगाशी येऊ शकते. म्हणून अर्जात शारीरिक अडचण आणि आकलन या दोन गोष्टी वेगळ्या आणि खऱ्या लिहायला हव्यात. क्षमता गेलेली असताना ती आहे असे लिहून देणे ही फसवणूक ठरते.

या शिक्षकांच्या बाबतीत अर्जाचा गाभा असा होईल : ‘माझ्या वडिलांचे आपल्या शाखेत बचत खाते आहे. पक्षाघातामुळे त्यांना सही करता येत नाही व शाखेत येता येत नाही. त्यांची आकलनशक्ती शाबूत असून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी माझ्या नावे केलेले नोटरीकृत मुखत्यारपत्र आजही अमलात आहे, ते रद्द केलेले नाही. त्यातील कलम ४ नुसार रक्कम काढण्याचा व धनादेशावर सही करण्याचा, तर कलम ५ नुसार मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकार मला आहे. त्याप्रमाणे माझी नोंद करावी. वडिलांची क्षमता गेल्यास, मुखत्यारपत्र रद्द झाल्यास अथवा त्यांचे निधन झाल्यास मी तत्काळ कळवीन.’ वर खाते क्रमांक, खाली दोघांचा पत्ता, सोबत मुखत्याराची ओळखपत्रे व छायाचित्र. मूळ दस्त दाखवून परत घ्यावा, शाखेला प्रमाणित प्रत द्यावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

अर्जात कलमांचे आकडे देणे फार उपयोगी पडते. मुखत्यारपत्राचा अर्थ बँका काटेकोरपणे लावतात. ‘माझे सर्व व्यवहार पाहावेत’ एवढ्या मोघम वाक्यावर ठेव मोडायला शाखा सहसा तयार होत नाही. ठेवीवर कर्ज काढायचे तर कर्जाचा अधिकार दस्तात स्पष्ट लागतो. दस्त करतानाच खाते क्रमांक आणि एकेक अधिकार लिहिलेला बरा. हात चालत नसेल तर अंगठा घेता येतो. तेव्हा मजकूर वाचून दाखवला आणि तो समजला, अशी नोंद साक्षीदारांसमोर करून घ्यावी.

नोंद झाल्यावर मुखत्याराने वडिलांची सही गिरवायची नसते. ‘वडिलांच्या वतीने मुखत्यार’ असे लिहून स्वतःची सही करायची असते. मुखत्यार झाला म्हणून पैसा त्याचा होत नाही. बिले आणि काढलेल्या रकमा यांचा हिशेब ठेवला तर पुढे भावंडांनी विचारल्यावर तोच आधार असतो. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला मात्र मुखत्याराच्या सहीने भागत नाही, तो वडिलांचाच लागतो. शाखेला कळवल्यास अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तिवेतनधारकाकडे अधिकारी येऊन तो घेण्याची सोय आहे.

आकलन गेलेले असेल तर मार्ग न्यायालयाचा. बेशुद्धावस्थेतील रुग्णाच्या नातेवाइकाला पालक नेमण्याचे आदेश उच्च न्यायालयांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली दिलेले आहेत, आणि पालकाचा अधिकार त्या आदेशापुरताच असतो. निधन झाल्यास मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपते. त्यानंतर त्याच्या आधारे काढलेली रक्कम, अंत्यविधीच्या खर्चासाठी असली तरी, अनधिकृत ठरते. पुढचा दावा नामनिर्देशित व्यक्तीने किंवा वारसांनी करायचा असतो.