गोल्फच्या पिशवीतील पाच घराणी : कोणता क्लब केव्हा घ्यावा?

परदेशात स्थिरावलेल्या मराठी व्यावसायिकांच्या वाट्याला गोल्फ बहुधा कार्यालयाच्या मार्गाने येतो. कंपनीची वार्षिक स्पर्धा असते, एखाद्या ग्राहकाचे निमंत्रण असते, किंवा शेजारी आग्रहाने मैदानावर घेऊन जातात. मग घाईने एक पिशवी विकत घेतली जाते आणि पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो : यातील नेमका कोणता क्लब उचलायचा? नियमानुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. ग्रीनवर चेंडू घरंगळवत खळग्यात नेणारा पटर वेगळा काढला, तर उरलेले क्लब पाच घराण्यांत मोडतात : ड्रायव्हर, फेअरवे वुड, हायब्रिड, आयर्न आणि वेज.

प्रत्येक क्लब वेगवेगळ्या अंतरासाठी असतो, असे या विभागणीचे कारण सहसा सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु नवख्या खेळाडूसाठी ते अपुरे आहे. ज्याचा फटका अद्याप स्थिर झालेला नाही, त्याने आधी चेंडू कशावर आणि कसा बसला आहे हे पाहावे. अंतराचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा झाला की एका चुकीच्या फटक्याचे तीन फटके होतात.

कोन आणि तळ

क्लबचे मुख उभ्या रेषेपासून जितके मागे कललेले असते, त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश असतो, तर सर्वांत तिरक्या वेजचा ६० अंशांपर्यंत जातो. लॉफ्ट वाढत जातो तसा दांडा आखूड होतो, चेंडू अधिक उंच उडतो आणि कमी अंतरावर पडतो.

क्रिकेट खेळत वाढलेल्या माणसाला येथे एक सवय मोडावी लागते. चेंडू उंच मारायचा असेल तर त्याच्या खाली जाऊन बॅट वर न्यायची, हे क्रिकेटने अंगी बाणवलेले असते. गोल्फमध्ये उंची देण्याचे काम क्लबच्या मुखातील कोनानेच आधी करून ठेवले आहे. खेळाडू चेंडू उचलायला गेला की त्याचे वजन मागच्या पायावर राहते. मग क्लब एक तर चेंडूच्या मागे जमिनीत रुततो, नाही तर वर येता येता त्याची कड चेंडूच्या मध्यावर आदळते आणि चेंडू सरपटत जातो.

दुसरी गोष्ट तळाची. क्लब गवतातून किंवा वाळूतून कसा पार होतो, हे त्याच्या तळाच्या आकारावर ठरते. पाच घराण्यांमधील खरा फरक या दोन गोष्टींत आहे.

ड्रायव्हर : टीवरचा क्लब

ड्रायव्हरचे डोके सर्वांत मोठे असते. नियमाने त्याची मर्यादा ४६० घन सेंटिमीटर आहे. दांडा सुमारे ४५ इंच, म्हणजे पिशवीतील सर्वांत लांब. तो लाकडी टीवर ठेवलेल्या चेंडूसाठी घडवलेला आहे. टी इतकी उंच असावी की चेंडूचा निम्मा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवावा, म्हणजे क्लब वर येऊ लागताना चेंडूला लागतो.

नवख्यांचा ड्रायव्हरचा फटका उजवीकडे वळत जातो, त्यालाही कोनच कारणीभूत आहे. लॉफ्ट जास्त असलेल्या क्लबने चेंडूला भरपूर उलटी फिरकी मिळते, त्यामुळे मुख थोडे उघडे राहिले तरी चेंडू फारसा वळत नाही. ड्रायव्हरमध्ये उलटी फिरकी कमी असते, म्हणून तीच चूक मोठी दिसते. याच कारणाने नवख्याने ९ अंशांचा ड्रायव्हर टाळून साडेदहा ते १२ अंशांचा घ्यावा. समोर तळे असेल किंवा फेअरवे अरुंद असेल, तर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा.

फेअरवे वुड आणि हायब्रिड

वुड या नावात आज केवळ इतिहास उरला आहे. पूर्वी ही डोकी पर्सिमॉनच्या टणक लाकडाची असत. आता ती धातूची आणि आतून पोकळ असतात. तीन क्रमांकाच्या वुडचा लॉफ्ट सुमारे १५ अंश, पाचचा १८ आणि सातचा २१ असतो. तळ रुंद आणि सपाट असल्याने हा क्लब गवतावरून झाडू फिरवावा तसा फिरवायचा असतो. त्यासाठी चेंडू छाटलेल्या गवतावर मोकळा बसलेला हवा. नवख्याला तीन क्रमांकाचा वुड जमिनीवरून उडवणे कठीण जाते, कारण एवढ्या कमी लॉफ्टला चेंडू हवेत नेण्यासाठी लागणारा वेग त्याच्याकडे नसतो. पाच किंवा सात क्रमांकाचा वुड अधिक विश्वासू ठरतो.

हायब्रिड हे वुड आणि आयर्न यांच्या संगमातून जन्मलेले घराणे. डोके वुडसारखे पोकळ पण लहान, दांडा वुडपेक्षा आखूड. वजन खाली आणि मागे असल्याने चेंडू सहज वर जातो, आणि लहान डोके रफच्या उंच गवतातून वाट काढते. चार क्रमांकाचा हायब्रिड सुमारे २२ अंशांचा, पाचचा सुमारे २५ अंशांचा असतो. ज्या जागी जुने खेळाडू तीन, चार किंवा पाच क्रमांकाचे आयर्न वापरत, तेथे नवख्याने निःसंकोच हायब्रिड घ्यावा.

आयर्न आणि वेज

आयर्नचा तळ अरुंद आणि मुख सपाट असते. अंतर मोजून चेंडू ग्रीनवर उतरवणे हे त्याचे काम. येथे क्लब खाली येत असताना आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागला पाहिजे. फटका बरोबर बसला की नाही, हे जमीनच सांगते : उखडलेल्या गवताचा तुकडा चेंडूच्या मूळ जागेच्या पुढे निघाला तर फटका योग्य, मागे निघाला तर क्लब आधी मातीत गेला. नवख्याने सहा ते नऊ क्रमांकांचे आयर्न पुरेसे मानावेत आणि सरावाची सुरुवात सातपासून करावी.

वेज हे खरे तर आयर्नचेच धाकटे भाऊ, पण त्यांचे काम ग्रीनच्या जवळचे. पिचिंग वेज सुमारे ४५ अंशांचा, सँड वेज ५४ ते ५६ अंशांचा असतो. सँड वेजच्या तळाला मागच्या बाजूस फुगवटा असतो. त्याला बाउन्स म्हणतात. होडीचा तळ पाण्यावर तरंगावा तसा हा फुगवटा क्लबला वाळूत रुतू देत नाही. म्हणून बंकरमध्ये चेंडूला मारायचेच नसते. मुख थोडे उघडे ठेवून चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत क्लब घालायचा आणि स्विंग पूर्ण करायचा. वाळूच चेंडूला बाहेर नेते. फटक्यापूर्वी सरावाच्या स्विंगमध्ये किंवा क्लब मागे नेताना वाळूला स्पर्श झाला, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो, हेही ध्यानात असावे.

एका होलचे उदाहरण

समजा, पार चारचा ३७० यार्डांचा, म्हणजे सुमारे ३४० मीटरचा होल आहे. आपला ड्रायव्हर चांगला लागला तर १९० यार्ड जातो, सात क्रमांकाचे आयर्न १२० आणि सँड वेज ६०. फेअरवे रुंद आहे, म्हणून टीवर ड्रायव्हर घेतला. चेंडू १९० यार्ड गेला, पण उजवीकडे रफमध्ये विसावला. आता १८० यार्ड उरले आहेत.

अंतर पाहणारा खेळाडू येथे तीन क्रमांकाचा वुड काढतो. परंतु चेंडू गवतात अर्धा बुडाला आहे. वुडचे रुंद डोके गवतात अडकते, चेंडू आणि मुख यांच्यामध्ये पाती येतात आणि चेंडू २०-३० यार्ड जाऊन त्याच रफमध्ये थांबतो. चेंडूची स्थिती पाहणारा खेळाडू पाच क्रमांकाचा हायब्रिड घेतो. गवतामुळे अंतर थोडे घटते, पण चेंडू १२० यार्ड पुढे फेअरवेवर येतो. चेंडूचा केवळ माथा दिसत असता, तर हायब्रिडही चुकीचा ठरला असता. तेव्हा नऊ क्रमांकाचे आयर्न किंवा पिचिंग वेज घेऊन फक्त फेअरवेवर परतायचे असते.

आता ६० यार्ड उरले. सँड वेजचा फटका जरा तोकडा पडला आणि चेंडू ग्रीनपुढच्या बंकरमध्ये गेला. चौथा फटका वर सांगितल्याप्रमाणे वाळूतून, चेंडू ग्रीनवर. दोन पट, आणि एकूण सहा फटके. एक फटका वळला, एक तोकडा पडला, तरीही पारपेक्षा दोनच जास्त. नवख्यासाठी हा आकडा सन्मानाचा आहे. तीन क्रमांकाचा वुड काढणाऱ्याला याच जागेवरून आठ फटके लागणे मुळीच नवल नव्हे.

पिशवी भरण्यापूर्वी

नियम १४ क्लबांची कमाल मर्यादा सांगतो, किमान नव्हे. ड्रायव्हर, पाच किंवा सात क्रमांकाचा वुड, पाच क्रमांकाचा हायब्रिड, सहा ते नऊ क्रमांकांचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर, असे दहा क्लब पहिल्या वर्षाला पुरतात.

खरेदी करताना मात्र क्लबवरील क्रमांकावर विसंबू नये. क्रमांकाला ठरावीक कोन नसतो. एका कंपनीचे सात क्रमांकाचे आयर्न ३४ अंशांचे, तर दुसरीचे २८ अंशांचे असू शकते. अशा कमी कोनांच्या संचात पिचिंग वेज ४३ अंशांचा निघतो. त्याच्यासोबत ५६ अंशांचा सँड वेज घेतला, तर मधल्या अंतरासाठी पिशवीत क्लबच राहत नाही. ही पोकळी भरण्यासाठीच सुमारे ५० अंशांचा गॅप वेज असतो. म्हणून दुकानात प्रत्येक क्लबचा लॉफ्ट विचारून घ्यावा.

आपल्याला कोणता क्लब नको, हे सरावाच्या मैदानावर तासाभरात कळते. प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारावेत, सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट दोन-दोन सोडून द्यावेत आणि उरलेले साधारण कुठे पडले ते पाहावे. लांब क्लब आणि त्याच्या खालचा क्लब जवळपास सारख्याच अंतरावर चेंडू टाकत असतील, तर लांब क्लबसाठी लागणारा वेग आपल्याकडे अद्याप नाही. तो काही महिने घरी ठेवावा आणि वेग वाढल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी.