षटके सगळी मोजायची

आळंदी–चाकण पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांत कारखान्यांतल्या कामगारांचे संघ उतरतात, तेव्हा मी स्कोअररच्या टेबलावर असतो. सामना आठ षटकांचा, साखळी फेरी छोटी. त्यामुळे दोन संघांचे गुण सारखे होतात आणि पुढे कोण जाणार हे नेट रनरेटवर ठरते. आपण षटकामागे काढलेल्या धावांतून षटकामागे दिलेल्या धावा वजा करायच्या, एवढाच हा हिशेब. तरी वाद होतात, आणि ते बहुतेक वेळा दोनच जागी होतात. नव्या पोराला स्कोअरिंग शिकवताना मी दोन्ही जागा एकाच उदाहरणावरून दाखवतो. ते आपल्या गहुंजेच्या मैदानावरचे आहे.

१ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने गहुंजेत न्यूझीलंडविरुद्ध ५० षटकांत ३५७ धावा केल्या. न्यूझीलंडचा संघ ३५.३ षटकांत १६७ धावांवर सर्वबाद झाला. आता १६७ ला कशाने भागायचे? खेळलेल्या षटकांनी भागले तर धावगती ४.७० येते. पण नियमाने भागायचे ५० ने, म्हणजे ३.३४. संघाला ५० षटके मिळाली होती. दहा गडी गमावून उरलेली षटके त्याने स्वतःच घालवली. हा नियम नसता तर हरणाऱ्या संघाने बॅट फिरवून लवकर बाद होणेच फायद्याचे ठरले असते. त्या दिवशीचा फरक झाला ३.३४ वजा ७.१४, म्हणजे उणे ३.८०.

आठ दिवसांनी बंगळुरूत न्यूझीलंडने श्रीलंकेला १७१ धावांत गुंडाळले आणि २३.२ षटकांत १७२ धावा करून सामना जिंकला. श्रीलंकाही सर्वबाद, म्हणून त्यांच्या धावांना ५० ने भागायचे : ३.४२. न्यूझीलंडने मात्र लक्ष्य गाठले होते, त्यामुळे त्यांची खेळलेली षटकेच धरायची. इथे २३.२ हा आकडा तसाच कॅल्क्युलेटरवर टाकला की चूक होते. ते दोन चेंडू आहेत, षटकाचा एक तृतीयांश भाग, भागायचे २३.३३ ने. उत्तर ७.३७, फरक अधिक ३.९५.

दुसरा वाद इथे सुरू होतो. मधला पाकिस्तानविरुद्धचा सामना बाजूला ठेवून या दोनच सामन्यांची तालिका मांडू. एकात उणे ३.८०, दुसऱ्यात अधिक ३.९५, सरासरी काढली तर संघ किंचित नफ्यात दिसतो. कर्णधार तोंडी हिशेब करतात तो असाच. पण रनरेट सामन्यांची सरासरी नसतो. सगळ्या धावा एकत्र, सगळी षटके एकत्र, आणि भागाकार शेवटी. न्यूझीलंडच्या ३३९ धावा ७३.३३ षटकांत, म्हणजे ४.६२. दिलेल्या ५२८ धावा १०० षटकांत, म्हणजे ५.२८. खरा फरक उणे ०.६६ आहे. झटपट जिंकलेल्या सामन्यात त्यांची षटकेच कमी खर्च झाली, म्हणून ७.३७ च्या त्या गतीचे वजन एकूण हिशेबात कमी पडले. मोठा पराभव पूर्ण ५० षटकांच्या वजनाने मोजला गेला.

म्हणून वहीत मी षटके लिहीतच नाही, चेंडू लिहितो. सर्वबाद झालेल्या संघापुढे आमच्याकडे सरळ ४८. बेरजा मोबाइलवरच्या शीटमध्ये जातात. B मध्ये काढलेल्या धावा, C मध्ये त्यांचे चेंडू, D मध्ये दिलेल्या धावा, E मध्ये टाकलेले चेंडू :

```
=6*(B2/C2-D2/E2)
```

या सूत्रात गडी कुठेच नाहीत. लक्ष्य एकही गडी न गमावता गाठले काय किंवा नऊ गमावून, रनरेटला फरक पडत नाही. तो मागे पडलेल्या संघाला फक्त वेगाची अट घालतो, आणि कधी ती अट कुणालाच पाळता येणार नाही अशी असते. त्याच विश्वचषकात श्रीलंकेवरच्या विजयाने न्यूझीलंडचा रनरेट इतका वर गेला की, पाकिस्तानला त्यांच्यापुढे जायला इंग्लंडविरुद्ध पहिली फलंदाजी करून २८७ धावांनी जिंकावे लागणार होते. नाणेफेक इंग्लंडने जिंकली आणि ३३७ धावा केल्या. मग गणित उरले ते ६.४ षटकांत ३३८ धावांचे. चाळीस चेंडूंवर चाळीस षटकार मारले तरी २४० होतात.

शेवटच्या साखळी सामन्याआधी आमच्याकडचे कर्णधारही हेच विचारायला टेबलाशी येतात. पहिली फलंदाजी आली तर किती धावांनी जिंकायचे, हे नाणेफेकीआधी सांगता येते. पाठलाग करायचा असेल तर समोरच्यांचा डाव संपल्यावर किती चेंडूंत जिंकायचे ते सांगतो. दोन्ही उत्तरे मी दोन्ही संघांना एकाच वेळी, मोठ्याने वाचून दाखवतो. सामना संपल्यावर आकडा सांगितला, तर हरलेल्या संघाचा त्यावर विश्वास बसत नाही.