सहा अंकी कोड दिला आणि व्हॉट्सअॅप गेले

व्हॉट्सअॅपचे खाते फोन नंबरावर उभे असते. एखाद्या नव्या फोनवर तो नंबर टाकला की कंपनी त्याच नंबरावर सहा अंकी कोड पाठवते, आणि जो तो कोड भरेल त्याला ती मालक मानते. ठगाला म्हणून फोन चोरावा लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. कोड मिळाला की पुरते.

तो मागायचा मार्ग बहुतेक वेळा ओळखीतून जातो. समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेला जुन्या मैत्रिणीच्या नंबरावरून निरोप येतो: ‘अगं, माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, जरा पाठव ना.’ मैत्रिणीचे खाते आधीच ठगाच्या हाती गेलेले असते. इकडे एसएमएस खरोखरच आलेला असतो, कारण ठगाने शिक्षिकेचा नंबर आपल्या फोनवर नुकताच टाकलेला असतो. तो कोड कोणालाही देऊ नये, असे त्या एसएमएसमध्येच लिहिलेले असते; पण नजर फक्त आकड्यांवर जाते. कोड पाठवताच तिच्या फोनवरचे व्हॉट्सअॅप बंद पडते आणि तिच्या नावाने नातेवाइकांकडे तातडीच्या पैशांची मागणी सुरू होते. जुने संभाषण तिच्याच फोनमध्ये साठलेले असल्याने ठगाला ते आपोआप दिसत नाही. नवे निरोप आणि ग्रुपमधले नंबर मात्र दिसतात.

सिम हातात असेल तर नंबर परत मिळतो. व्हॉट्सअॅप उघडून स्वतःचा नंबर टाकायचा, नवा कोड मागवायचा आणि भरायचा. त्याच क्षणी ठग बाहेर फेकला जातो. त्याने वारंवार कोड मागवले असतील, तर नवा कोड मिळायला काही तास थांबावे लागते. पडद्यावर उरलेला वेळ दिसतो.

खरी अडचण पुढे येते. हुशार ठग आत शिरताच ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून स्वतःचा सहा अंकी पिन लावतो. मग एसएमएसचा कोड बरोबर असूनही अॅप तो पिन मागते. अंदाजाने आकडे भरत बसू नये. पिनशिवाय प्रवेश ७ दिवसांनी मिळतो. या आठवड्यात शिक्षिकेला खाते वापरता येत नाही, पण तिने एसएमएसचा कोड भरल्यापासून ठगालाही येत नाही. पिन ठाऊक नाही म्हणून कोड भरणेच टाळले, तर खाते ठगाकडेच राहते. ही चूक अनेकांकडून होते.

दरम्यान नातेवाइकांना फोन करून किंवा साध्या एसएमएसने सावध करावे. कोणी पैसे पाठवले असतील, तर त्यांनी लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे. रक्कम पुढे वळती होण्याआधी तक्रार पोचली तर ती रोखता येण्याची शक्यता असते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

खाते परत आल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक किंवा फोन दिसला तर तो लॉगआउट करावा. मग स्वतःचा पिन लावून त्याला ईमेल जोडावा, म्हणजे विसरलेला पिन त्या ईमेलवरून बदलता येतो.