तुटलेला विश्वास किती दिवसांत जुळतो?

नवऱ्याचे बाहेर संबंध होते हे कळलं की घरातले म्हणतात, "चुकलं म्हणाला ना, आता विषय सोड." विषय असा सुटत नाही.

समजा, नवरा ट्रकवर आहे. फोनवरून बायकोला कळलं, त्यानंही कबूल केलं आणि ते संबंध तोडले. तरी पहिले तीन-चार महिने तिला झोप लागत नाही, ती तेच तेच विचारते. हे वेड नव्हे, मन हिशोब लावत असतं. समुपदेशक ताई आधी दोघांचं वेगवेगळं ऐकते, मग एकत्र बसवते. प्रश्नांसाठी आठवड्यातली एक वेळ ठरते, म्हणजे रोज रात्री भांडण होत नाही. मुक्काम कुठे, परत कधी, हे त्यानं न विचारता सांगायचं. विचारल्यावरच सांगत असेल, तर गाडी अजून तिथेच अडली आहे.

रोजची धुसफूस सहा-आठ महिन्यांत कमी होऊ शकते. विश्वास बसायला मात्र बहुधा दीड-दोन वर्षं लागतात, कधी जास्तही. मधेच एखाद्या गावाचं नाव निघालं की सगळं उसळून येतं, म्हणून आधीचं वाया गेलं असं नाही.

संबंध चोरून चालूच असतील, तर समुपदेशनानं काही जुळत नाही. मारहाण होत असेल, तर एकत्र बसूच नका, 181 वर फोन करा. आणि एक, लाजू नका: ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. दोघांनीही करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा.