पाचव्या स्लॅबचा हप्ता थकला, तर

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतले की हप्ता तारखेवर नव्हे, कामावर ठरतो. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतील नमुना करारानुसार जोते पूर्ण होईपर्यंत बिल्डरला एकूण किमतीच्या 45 टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. म्हणजे मधले 25 टक्के स्लॅबगणिक मागितले जातात.

समजा, घर 60 लाखांचे आणि स्लॅब दहा. प्रत्येक स्लॅबला दीड लाख. पाचवा स्लॅब पडला, मागणीपत्र आले, मुदत उलटून 45 दिवस झाले, तरी पैसे जमा नाहीत. अशा वेळी जाणारे स्मरणपत्र धमकीचे असण्याचे कारण नाही. ‘हप्ता नजरचुकीने राहिला असावा’ अशी सुरुवात पुरते. त्यानंतर मात्र आकडे चोख हवेत: कोणता टप्पा, कोणती मुदत, किती दिवसांचे किती व्याज.

व्याज बिल्डरच्या मर्जीवर नसते. स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर अधिक 2 टक्के, हा दर राज्याच्या नियमांतच आहे, आणि ताबा लांबला तर बिल्डरलाही तोच लागू होतो. पूर्वीच्या एकतर्फी करारांच्या तुलनेत ग्राहकाला मिळालेला हा मोठा न्याय आहे. हिशेबाच्या सोयीसाठी दर 11 टक्के धरला, तर दीड लाखावर 45 दिवसांचे व्याज सुमारे 2,034 रुपये होते.

पत्रातला खरा दिलासा पुढे असतो: 50 हजार आठवड्याभरात नव्हे, आजच भरा, उरलेले एक लाख तीस-तीस दिवसांच्या अंतराने दोनदा भरा. व्याज फक्त शिल्लक रकमेवर लागेल, म्हणजे आधी 904 आणि मग 452 रुपये. सवलत पाळली जाईल तोवर करार रद्द करण्याची नोटीस निघणार नाही, हे वाक्यही त्यात लिहिलेले असावे. नमुना करारात तीन हप्ते चुकल्यानंतर आणि 15 दिवसांची नोटीस देऊनच करार रद्द करता येतो. त्यामुळे पहिल्याच पत्रात ‘बुकिंग रद्द’ची भाषा वापरणे चुकीचेच.

कधी कधी थकबाकी खरी नसतेच. 50 लाख किंवा त्याहून महाग घर घेणारा प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरतो. इथे ते 1,500 रुपये. त्याचा दाखला बिल्डरच्या कार्यालयात पोचला नाही, तर तेवढी रक्कम बाकी दिसते आणि त्यावर व्याजही चढत जाते. गृहकर्ज असेल, तर बँकेला मागणीपत्रासोबत काम तिथवर झाल्याचा वास्तुविशारदाचा दाखला लागतो. तो उशिरा मिळाला, तर पैसेही उशिरा सुटतात.

म्हणून स्मरणपत्र हाती पडताच खातेउतारा मागवा, टीडीएसच्या नोंदी जुळवा आणि हप्त्यांची सवलत फोनवर न ठरवता ईमेलवर लेखी घ्या.