बारा टक्क्यांची जाहिरात काय सांगत नाही

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेने ठेवींवर 12 ते 14 टक्के परतावा देऊ केला होता, असे ईडी सांगते. 2023मध्ये संस्थेचे व्यवहार अडले आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. गुन्ह्याचा निकाल न्यायालय देईल, पण अशा जाहिराती वाचायच्या कशा, हे आजच समजून घ्यायला हवे.

बँक 7 टक्के देत असेल, तर लाखावर वर्षाला 7,000 रुपये मिळतात. 12 टक्क्यांनी 12,000. वरचे 5,000 ही जोखमीची किंमत असते. बँक बुडाली तर व्याजासह 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. जाहिरातीत 12 टक्के ठळक दिसतात आणि नेमकी हीच गोष्ट गायब असते. ‘सरकारमान्य’ म्हणजे फक्त नोंदणी झालेली. पैसे परत मिळण्याची हमी त्यात नसते.

महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी ठरते. 2022च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांचा अननुभव आणि भाबडेपणा यांचा फायदा घेणाऱ्या जाहिरातींना स्वतंत्र कलमाने मनाई आहे. ग्रॅच्युइटीची रक्कम हातात असलेल्या निवृत्त माणसासाठी असे वेगळे कलम नाही, ते असायला हवे. तोवर ठेवीला विमा आहे का, हे संस्थेकडून लेखी मागावे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.