पुण्यात रोज किती चहा विकला जातो?

मुलाखतीत हा प्रश्न आला की पहिल्यांदा उत्तर नाही, उलटप्रश्न द्यावा. विक्री म्हणजे कप की रुपये? पुणे म्हणजे पिंपरी-चिंचवडसह की फक्त महापालिका हद्द? क्रीमरोल-बिस्किटं धरायची का? समजा ठरलं : पुणे महापालिका हद्द, टपऱ्यांवरचा फक्त चहा, कामाचा दिवस.

आता मोठ्याने बोलत हिशेब करायचा. २०११च्या जनगणनेत या हद्दीत सुमारे ३१ लाख लोक होते. शहर वाढलंय, हद्दही वाढलीय, म्हणून ४० लाख धरू. त्यातले निम्मे, म्हणजे २० लाख, कामा-शिक्षणासाठी घराबाहेर पडतात. त्यांतले निम्मे टपरीवर चहा घेतात : १० लाख. सरासरी दीड कप धरला तर १५ लाख कप. दहा रुपये कप, म्हणजे रोजचे दीड कोटी.

बरेच उमेदवार इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे, कारण हाच आकडा दुसऱ्या वाटेने तपासता येतो. स्टेशनजवळच्या टपरीवर गर्दीचे सहा तास मिनिटाला एक कप जातो : ३६०. उरलेल्या आठ तासांत चार मिनिटांना एक : १२०. म्हणजे जवळपास ५००. पंधरा लाखांना पाचशेने भागलं की ३,००० टपऱ्या, दर तेराशे माणसांमागे एक. पुण्यात फिरणाऱ्याला हे कमीच वाटेल. चूक कुठे? आपण सगळ्यात धंदा करणारी टपरी सरासरी म्हणून घेतली. गल्लीतली टपरी अडीचशे कपांवर भागवते असं धरलं, तर टपऱ्या ६,००० होतात, आणि हे डोळ्यांना पटतं. अडीचशेचीही खातरजमा होते : एका कटिंगला साधारण ४० मिली दूध, म्हणजे दहा लिटर, अर्ध्या लिटरच्या वीस पिशव्या. टपरीवाल्याच्या क्रेटमध्ये तेवढ्या दिसतात का, हे कुणालाही बघता येईल.

ही रीत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या नावाने ओळखली जाते. शिकागोत पियानो ट्यून करणारे किती, हा त्यांचा म्हणून सांगितला जाणारा प्रश्न. सगळ्या गृहीतकांची खात्री सारखी नसते, हे इथे ओळखावं लागतं. दहा रुपयांत फारशी गफलत नाही. ‘निम्मे टपरीवर घेतात’ हे मात्र हवेत आहे. निम्म्याऐवजी पाव धरले की दीड कोटीचे पंचाहत्तर लाख होतात. म्हणून शेवटी एकच आकडा न सांगता ‘पाऊण ते दीड कोटी, आणि शंका या एका जागी’ असं सांगणारा उमेदवार मला जास्त पटतो. आकडा पाठ करून आलेला ‘रविवारी किती?’ या पुढच्या प्रश्नाला गडबडतो. मांडणी करून आलेला एवढंच बदलतो : बाहेर पडणारे २० लाखांऐवजी १० लाख. बाकी साखळी तशीच.